सव्वा महिन्याची बाई आणि तिची रोजी



नंदिनी नगर ही चुनखडीच्या खाणीची वसाहत आहे. इथला दगड भिलाईच्या पोलाद कारखान्याला जातो. भिलाई-दुर्ग पट्ट्यात रेल्वे व टपाल खात्यात नोकरी करणारी आपली मराठी कुटुंबेही बरीच आहेत. माहेर नागपूर, भंडारा, अमरावतीकडे राहिलेले असते आणि आई किंवा सासू सव्वा महिना येऊन राहू शकेलच असे नाही. मग अंगाला लावायला, न्हाऊ घालायला आणि बाळाला शेकायला बाई शोधावी लागते. छत्तीसगढीत तिला दाई म्हणतात. आपल्याकडे कोणी सुईण म्हणते, कोणी मालिशवाली. आजचे हे टिपण या बाईच्या कामाविषयी आणि मजुरीविषयी आहे.

आधी काम पाहू. सकाळी आल्यावर तिने बांगड्या-अंगठ्या उतरवाव्यात, नखे कापलेली असावीत, हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. खोलीतला पंखा बंद करावा. दूध पाजून अर्धा-पाऊण तास झाल्यावर बाळाला घ्यावे, नाहीतर ते ओकते. तेल खोबऱ्याचे किंवा तिळाचे, हाताला कोमट लागेल इतपतच तापवलेले. पहिल्या दिवशी थोडे तेल बाळाच्या हातावर लावून दुसऱ्या दिवसापर्यंत पुरळ येते का, ते पाहावे. पाय, हात, छाती, पाठ या क्रमाने हलक्या हाताने दहा-पंधरा मिनिटे चोळले की पुरे. पाणी कोपर बुडवून पाहावे; कोपराला चटका बसला तर ते बाळाला फार गरम आहे.

आता न करण्याच्या गोष्टी. इथेच घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद होतात. नाकाकानात तेल सोडू नये. नाळेवर हळद, राख, तेल काही लावू नये. ती कोरडी ठेवली की आठ-पंधरा दिवसांत आपोआप पडते. काही बाळांची छाती आईच्या शरीरातल्या द्रव्यांमुळे सुजल्यासारखी दिसते. ती पिळून दूध काढण्याची रीत फार वाईट आहे, कारण त्याने गळू होते. न पिळता काही आठवड्यांत सूज जिरते. पाय धरून बाळाला उलटे लोंबकळवणे तर बंदच करावे. धुरीबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. बंद क्वार्टरमध्ये कोळशाची शेगडी पेटवली की विषारी वायू साठतो. त्याला वास नसतो, आणि आई व बाळ झोपेतच गुदमरू शकतात. शेकायचेच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून आईच्या कमरेला लावावी.

बाळंतिणीच्या अंगाला लावतानाही अडाणीपणा चालत नाही. सिझेरियन झाले असेल तर डॉक्टर होय म्हणेपर्यंत पोट चोळू नये. पाठ, खांदे, हातपाय चालतात. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, दुखत असेल, गरम लागत असेल तर तो पाय मुळीच चोळू नये. तिथे रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊ शकते. अशा वेळी तिला थेट इस्पितळात न्यावे.

बाईवर भरवसा कसा ठेवायचा, असे आमचे सभासद विचारतात. बाई गोड बोलते की नाही, यावरून ते कळत नाही. ‘बाळ कसे दिसले तर मालिश करणार नाहीस?’ असे तिला विचारा. जाणती बाई सांगेल की बाळ नीट ओढत नसेल, अंग गार पडले किंवा तापले असेल, श्वास जोरात चालून छाती आत ओढली जात असेल, तळपायापर्यंत पिवळेपणा आला असेल, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायचा. शांत बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजून साठ किंवा जास्त भरले, पुन्हा मोजूनही तेवढेच आले, तर ती धोक्याची खूण. हे बाईला शिकवता येते, आणि कमी शिकलेल्या बाईलाही येते. आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत साध्या खेड्यातल्या बायकांना बाळाचे वजन, ताप व श्वास पाहणे आणि घरच्या घरी काळजी घेणे शिकवले. १९९५ साली सुरू झालेल्या या कामात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. १९९९ साली त्याचा अहवाल ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. छत्तीसगढच्या मितानीन याच राज्यातल्या, आपल्याच वस्तीतल्या बायका आहेत. आपल्या दाईला मितानीनसोबत दोन-तीन घरभेटींना पाठवले तरी पुष्कळ काम होईल, आणि शाखेने ते घडवून आणावे.

आता रोजीचा प्रश्न. इथे आम्हाला आपल्याच लोकांना चार शब्द सुनवायचे आहेत. महागाई भत्त्याच्या एका टक्क्यासाठी आपण गेट मीटिंग घेतो आणि दाईशी मात्र ‘सव्वा महिन्याचे मिळून इतके, वर साडी’ असे गुत्ते ठरवतो. साडी ही ओटी आहे, ती मजुरीत धरू नये.

हिशेब असा करावा. तिचे काम सकाळचेच असते, कारण मालिश आणि अंघोळ दुपारनंतर कोणी करवून घेत नाही. आई व बाळ मिळून एका घरी दोन तास जातात, त्यात चालणे-जाणे आले. म्हणजे दिवसाला तीन घरांपलीकडे तिला जमत नाही आणि त्या तीन घरांतूनच तिची पूर्ण दिवसाची कमाई निघाली पाहिजे. समजा, कुशल कामाची रोजी ४८० रुपये आहे, तर एका घराचा वाटा १६० रुपये झाला. ऑटोचे २० रुपये धरले तर १८०. चाळीस दिवसांचे ७,२०० रुपये होतात, आणि ते दर आठवड्याला द्यावेत. आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या भागात जी कुशल रोजी चालू असेल ती घालून मांडा. तेल, साबण, टॉवेल घरचे. घरी तिच्यासाठी वेगळा कप ठेवू नये. जिच्या हातात बाळ देतो तिच्या हातचा कप चालत नाही, ही रीत काही घरांत अजून आहे. ती लाजिरवाणी आहे.

आणि सुट्टी. सव्वा महिन्यात तिला चार पगारी सुट्ट्या द्याव्यात, शिवाय ताप, खोकला, जुलाब किंवा हाताला जखम असेल तर त्या दिवसाचे पैसे कापू नयेत. पैसे कापले की ती तापातही कामावर येईल, आणि सहा दिवसांच्या बाळाला तिच्या हातून लागण होईल. केंद्र सरकारी नोकरदार स्त्रीला आज १८० दिवसांची बाळंतपणाची रजा आहे, ती कामगारांनी लढून मिळवली. दाईच्या चार दिवसांसाठी आपणच कुरकुर करतो.

घरकामगारांच्या या मागण्या नव्या नाहीत. १९८० साली पुण्यात घरकामगार बायकांनी संप केला, त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांच्या हक्कांचा १८९ क्रमांकाचा करार संमत केला; भारताने त्याला अजून मंजुरी दिलेली नाही.

नंदिनी नगर, भिलाई व दुर्गच्या सभासदांनी पुढील सभेत या भागातल्या दायांची यादी, प्रत्येकीने केलेली बाळंतपणे आणि आजवर मिळालेली रोजी लिहून आणावी. दर ठरवायला त्यांनाच बोलवावे. खुर्च्या आधी त्यांना द्याव्यात, कारण त्या सकाळचे तीन घरांचे काम उरकून येतील.