राजीनामा : चार ओळींचा

मंडळातली नवी मुलं नोकरी बदलताना आम्हाला हमखास विचारतात, "काका, राजीनाम्यात काय लिहू?" आम्ही सांगतो, चार ओळी पुरेत :

'मी ज्युनियर इंजिनिअर पदाचा राजीनामा देत आहे. माझा कामाचा शेवटचा दिवस शुक्रवार, १३ जून २०२५. हातातलं काम तोपर्यंत सोपवून देईन. दिलेल्या संधीबद्दल आभार.'

यात महत्त्वाची ती तारीख. सोमवारी, २ जूनला नुसतं 'दोन आठवड्यांनी' लिहिलं, तर कुणी १३ धरतो, कुणी १६. आणि पगार, आरोग्यविमा त्यावरच ठरतो. कारण आणि नव्या कंपनीचं नाव लिहू नये.

अमेरिकेत दोन आठवड्यांची नोटीस हा बहुतेक ठिकाणी रिवाज आहे, कायदा नव्हे. कंपनी त्याच दिवशी 'या आता' म्हणू शकते. म्हणून एच-वनवाल्यांनी नव्या कंपनीचा अर्ज दाखल झाल्याची पावती आल्याशिवाय ईमेल धाडू नये. नोकरी सुटल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस उरतात; अमेरिकेत राहण्याच्या परवानगीची मुदत त्याआधी संपत असेल, तर तेवढेही नाहीत.