निवाडा नव्हे, वाट

बाजारपेठेत गाडी लावण्याच्या जागेवरून दोन अनोळखी माणसे भांडू लागली, की मध्यस्थ प्रथम विचारतो, "आधी कोण आले?" माझ्या मते तंटा इथेच चिघळतो, कारण जमलेल्या बघ्यांसमोर हरणे कोणालाच मानवत नाही. म्हणून निवाडा टाळावा. दोन हात अंतर राखून किंचित बाजूला उभे राहावे. कोणाच्या अंगाला वा गाडीच्या किल्लीला हात लावू नये. अधिक तापलेल्यास हळू आवाजात विचारावे, "दादा, किती वेळाचे काम आहे?" 'दहा मिनिटे' असे उत्तर आले, की भांडण मानापमानावरून वेळेवर येते. मग दुसऱ्यास पुढची मोकळी जागा दाखवावी. माघार म्हणून नव्हे, सोय म्हणून. मात्र कोणी दारू प्यालेला असेल किंवा हाती पाना घेईल, तर मागे सरून ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवावे.