ऑर्डरचे इंग्रजी आखूड वाक्यांत लिहा

आपण इंग्रजीत चिठ्ठी लिहितो ती इंग्रजांसाठी नाही. वाडीतला माझ्यासारखा कापडवाला तमिळनाडूतून लुंग्या मागवतो. त्यांना मराठी येत नाही, आपल्याला तमिळ येत नाही, म्हणून मध्ये इंग्रजी येते. ती दोघांचीही उसनी भाषा आहे. तिकडचा मुनीम आपली चिठ्ठी वाचतो आणि मालकाला तमिळमध्ये सांगतो. म्हणजे आपले प्रत्येक वाक्य तर्जुमा होऊनच मागावर पोहोचते.

माझे शिक्षण उर्दू शाळेत झाले. तिथे पत्राच्या सुरुवातीला लांबलचक अल्काब-आदाब आणि मतलबाची गोष्ट शेवटी, असे शिकलो. तीच सवय इंग्रजीत आली. एकदा मी एकाच लांब वाक्यात लिहिले : ‘प्लीज सेंड 200 रेड अँड ग्रीन चेक लुंगीज अ‍ॅज पर लास्ट टाइम, बट इफ ग्रीन इज नॉट रेडी देन इट मे बी सेंट लेटर...’ आणि पुढे बरेच काही. मला हव्या होत्या लाल चौकडीच्या १०० आणि हिरव्या चौकडीच्या १००. ट्रान्सपोर्टच्या गोदामात गाठी उतरल्या तेव्हा लाल २०० आणि हिरव्या २०० निघाल्या. मी भांडायला फोन उचलला, पण आधी चिठ्ठी पुन्हा वाचली. मुनिमाचे चुकले नव्हते. ‘प्रत्येकी २००’ असाही अर्थ निघत होता. एकाच लुंगीत लाल-हिरवी चौकडी, असाही निघत होता. परतीचे भाडे मीच भरले.

हा प्रश्न विमानवाल्यांनी फार पूर्वी सोडवला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस युरोपातल्या विमान कंपन्यांनी तक्रार केली की दुरुस्तीची पुस्तके इंग्रजी मातृभाषा नसलेल्या कारागिरांना समजत नाहीत. त्यावर १९८६ मध्ये सोप्या इंग्रजीची नियमावली निघाली. आज तिला सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश म्हणतात. आपल्या मिहानमध्ये बोइंगने एअर इंडियासाठी विमान दुरुस्तीचा कारखाना उभारला. तो २०१५ मध्ये सुरू झाला. तिथल्या कारागिरासाठीही इंग्रजी ही शिकलेलीच भाषा आहे.

त्या नियमावलीतले चार नियम आपल्या कामाचे आहेत. सूचनेचे वाक्य २० शब्दांच्या वर जाऊ नये. एका वाक्यात एकच काम सांगावे. ‘जर’ असेल तर तो वाक्याच्या सुरुवातीला यावा, म्हणजे वाचणारा काम करण्याआधी अट वाचतो. एका शब्दाला एकच अर्थ असावा. आपल्याकडे ‘पीस’ म्हणजे कुणाला एक लुंगी वाटते, कुणाला अख्खे थान. दोन्ही चालवले की घोटाळा झालाच.

माझी तीच ऑर्डर आता अशी जाते : ‘वी वाँट टू काइंड्स ऑफ लुंगी. काइंड 1 हॅज रेड चेक्स. सेंड 100 लुंगीज ऑफ काइंड 1. काइंड 2 हॅज ग्रीन चेक्स. सेंड 100 लुंगीज ऑफ काइंड 2. द टोटल इज 200 लुंगीज. इफ काइंड 2 इज नॉट रेडी, सेंड ओन्ली काइंड 1.’ चिठ्ठी लांबली, वाक्ये आखडली. बेरीज लिहिल्याने चूक तिथल्या तिथे सापडते. ‘इट’ तर मी टाळतोच. ‘इट’ म्हणजे माल, गाठ की बिल, हे तर्जुमा करणाऱ्याला ओळखत बसावे लागते.

पण आखूड म्हणजे तार नव्हे. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून आपण शब्द गाळायला शिकलो. तारसेवा २०१३ मध्ये बंद झाली, सवय राहिली. ‘रिटर्न्ड पीसेस रिप्लेस्ड’ असे लिहिले, तर माल बदलून दिला की बदलून हवा, हे कोण सांगणार? वाक्य तोडा, शब्द गाळू नका. आणि उधारीची मुदत व तिच्यावरचे व्याज, अशी एकमेकांत अडकलेली अट तोडून दूर ठेवू नका. एकाखाली एक लिहा, पण पहिले वाक्य वाचून अर्थ अर्धा राहील असे लिहू नका.

चिठ्ठी साफ आहे की नाही हे ओळखायला सोपी युक्ती आहे. ती पाठवण्यापूर्वी दुकानातल्या पोराला द्या आणि मराठीत किंवा उर्दूत मोठ्याने सांगायला लावा. जिथे तो थांबेल किंवा “चाचा, म्हणजे काय?” विचारेल, ते वाक्य तोडा. तो प्रश्न दुकानात फुकट मिटतो. माल सुटल्यावर त्याचे भाडे लागते.