देग उतरल्यानंतरचे तास

रमजानमध्ये सामूहिक इफ्तारचा स्वयंपाक करणाऱ्या बावर्चीची एक अडचण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तो स्वतः रोजेदार असतो, त्यामुळे चव न घेता पाचशे माणसांचा दालचा-खाना रांधतो. गरजेपुरते जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकण्याची मुभा फिकहमध्ये आहे, पण अनेक बावर्ची तेही टाळतात. मीठ हाताच्या अंदाजाने पडते आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने बहुधा बरोबरच पडते. एकादशीच्या उपवासात शेकडो लोकांची भगर-आमटी रांधणाऱ्या बायकांनाही हे नवे नाही. चव न घेता अंदाजावर रांधणे ही दोन्हीकडची कला आहे.

मात्र अन्न सुरक्षित आहे की नाही, हे चव घेऊनही कळत नाही. माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू अन्नाचा वास, रंग, चव यांपैकी काहीच बदलत नाहीत. आंबलेले अन्न जीभ ओळखते, विषारी झालेले ओळखेलच असे नाही. म्हणून ‘खाऊन पाहिले, चांगले होते’ हे वाक्य विषबाधेनंतरच्या प्रत्येक चौकशीत ऐकू येते, आणि ते खरेही असते.

हिंगोलीच्या शेजारचाच अनुभव पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यातील कोष्टवाडीत एकादशीचा महाप्रसाद घेतलेल्या दोन हजारांहून अधिक लोकांना उलट्या-जुलाब झाले. जेवण संध्याकाळचे, त्रास रात्री-पहाटे सुरू झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, पुढच्या एकादशीला, बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सोमठाण्यात शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरेना, म्हणून उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाइनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या. ते दृश्य देशभर पोहोचले. दोन्ही ठिकाणी पंगत उपवासाची होती आणि वाढणारे हात श्रद्धेचे होते.

अशी घटना घडली की पहिला शब्द उच्चारला जातो तो ‘भेसळ’. तो अगदीच चुकीचा नाही. हळदीत मेटॅनिल यलो हा कापडाचा रंग मिसळला जातो, दुधात पाणी आणि बरेच काही. हळदीचा बाजार असलेल्या हिंगोली-वसमतच्या वाचकाला हे वेगळे सांगायला नको. पण भेसळ बहुधा हळूहळू नुकसान करते. एका रात्रीत सगळे गाव आडवे होते, तेव्हा कारण बहुतेक वेळा व्यापाऱ्याच्या गोदामाइतकेच आपल्या चुलीजवळही शोधावे लागते. तिथे शोधायला आपण कचरतो, कारण तिथे उभा असलेला माणूस आपलाच असतो आणि पुण्याचे काम करत असतो.

आता तपासणीचे पाहू. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचा अहवाल देण्यासाठी कायद्याने विश्लेषकाला १४ दिवस दिले आहेत. पंगत तर १४ मिनिटांत उठते. तयार अन्न तपासून सुरक्षितता सिद्ध करता येत नाही, हा धडा प्रथम अंतराळवीरांच्या जेवणाने शिकवला. १९६० च्या दशकात अमेरिकेत पिल्सबरी कंपनी नासासाठी अन्न बनवत होती. अन्न निर्धोक असल्याची खात्री करायची तर इतके नमुने तपासावे लागत की अंतराळवीरांसाठी फारसे उरतच नसे. मग त्यांनी विचार उलटा केला. शेवटी तपासण्याऐवजी बनवतानाच कुठे चूक झाली तर पुढे ती दुरुस्त होणार नाही, ती जागा शोधायची आणि तिथे पहारा बसवायचा. या पद्धतीला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘हॅसेप’ म्हणतात. मराठीत तिला धोक्याचे विश्लेषण आणि निर्णायक नियंत्रण बिंदू म्हणता येईल. नाव जड आहे, पण युक्ती कोणत्याही मोहल्ल्याला जमेल अशी आहे.

पाचशे रोजेदारांसाठी दालचा शिजतो आहे असे समजू. मांस, डाळ, दुधी, चिंच. दुपारी चारला देग चुलीवरून उतरते. साडेसहाच्या आसपास मगरिबची अजान होते आणि खजुराने रोजा सुटतो. नमाजनंतर पहिली पंगत बसते, तरावीहनंतर दुसरी. रात्री दहाला देगीत पाव भाग उरतो. अन्न वाया घालवणे म्हणजे इसराफ, म्हणून तो झाकून ठेवला जातो आणि पहाटे सहेरीसाठी डबे भरून घरोघर जातो. यात कुणाचाच हेतू वाईट नाही.

पण देगीच्या आत काय चालले आहे? मांस-डाळीच्या रश्श्यात ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. तासभर उकळल्यानेही ते मरत नाहीत. उलट उकळीमुळे रश्श्यातला प्राणवायू निघून जातो आणि प्राणवायूशिवाय वाढणाऱ्या या जंतूला तेच हवे असते. रस्सा साठ अंशांच्या वर आहे तोवर ते निपचित राहतात. तो पन्नासच्या खाली आला की जागे होतात. ४३ ते ४७ अंशांच्या आसपास त्यांची संख्या दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. एका ग्रॅममध्ये शंभर जंतू धरले आणि बारा मिनिटांचा हिशेब केला, तर तीन तासांत पंधरा वेळा दुप्पट होऊन ते बत्तीस लाखांवर जातात. आजारी पडायला ग्रॅममागे दहा लाख पुरतात. झाकलेली जाड देग उष्णता धरून ठेवते, म्हणून ती या कोमट टप्प्यात रात्रीचे कित्येक तास राहते. रात्री आठला जेवलेला ठणठणीत आणि पहाटे साडेचारला तेच खाल्लेला दुपारी पोट धरून बसलेला, हा फरक असा पडतो.

शेजारच्या भाताची गोष्ट वेगळी आहे. तांदळातल्या ‘बॅसिलस सीरियस’चे बीजाणूही शिजवून मरत नाहीत. कोमट भातात वाढताना त्याचे काही प्रकार असे विष सोडतात, जे पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. दालचा पुन्हा खळखळून उकळला, अगदी मध्यापर्यंत, तर परफ्रिंजेन्सचे वाढलेले जंतू मरतात आणि धोका टळू शकतो. भाताबाबत ती सोय नाही. डॉक्टरांनाही वेळेवरून दिशा मिळते. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेल्या विषाचा संशय घ्यायचा. आठ ते सोळा तासांनी, बहुधा तापाशिवाय, पोटात कळा आणि जुलाब आले तर परफ्रिंजेन्सचा. म्हणून रुग्णाने दवाखान्यात काय खाल्ले यासोबत किती वाजता खाल्ले, हेही सांगायला हवे.

भगरीत निर्णायक जागा आणखी वेगळी आहे. अन्न व औषध प्रशासन वर्षानुवर्षे सांगत आले आहे की ओलसर हवेत साठवलेल्या भगरीवर आणि विशेषतः तिच्या पिठावर अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढते आणि तिची विषद्रव्ये अन्नात उतरतात. बुरशीचे असे विष चुलीवर नाहीसे होईल या भरवशावर राहता येत नाही. म्हणून भगरीचा पहारा दुकानातच बसवावा लागतो. सुटी भगर आणि तयार पीठ घ्यायचे नाही, बंद पाकिटावरची तारीख पाहायची, बिल जपायचे, भगर निवडून धुऊन घ्यायची आणि पीठ लागेल तेवढेच दळायचे. दालच्याचा पहारा चुलीनंतर, भगरीचा चुलीच्या कितीतरी आधी. प्रत्येक पदार्थाचा धोका वेगळा शोधणे, यालाच विश्लेषण म्हणतात.

मशिदीची कमिटी असो की भंडाऱ्याचे मंडळ, करायचे ते मोजके आहे. अन्नात खुपसायचा डिजिटल तापमापक काही शे रुपयांत मिळतो. बर्फाच्या पाण्यात त्याने शून्याच्या जवळ आकडा दाखवला की तो बरोबर समजावा. देग उतरवताना मध्यभागी ७५ अंश भरले पाहिजेत. वाढेपर्यंत खाली अंगार ठेवून ती साठच्या वर राखायची आणि दर तासाला ढवळून आकडा वहीत लिहायचा. आकडा साठखाली दिसला तर चूल पुन्हा पेटवायची आणि अन्न उकळायचे. तो किती वेळ खाली होता हेच माहीत नसेल, तर ते अन्न वाढायचे नाही. हा शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे. म्हणून तो अमलात आणणारा माणूस आधीच ठरलेला असावा, पंगत बसल्यावर वाद नको.

उरलेल्या अन्नाबाबत मात्र स्वतःची फसवणूक करून चालणार नाही. नियम सांगतो की शिजलेले अन्न दोन तासांत साठवरून एकवीस अंशांवर आणि पुढच्या चार तासांत पाच अंशांवर यावे. हिंगोलीच्या मार्चमधल्या रात्री परातीत पसरून पंखा लावला तरी हे जमत नाही. त्यासाठी बर्फ आणि मोठा फ्रिज हवा, आणि तो बहुतेक मोहल्ल्यांत नसतो. मग सरळ मार्ग एकच. इफ्तारची देग सहेरीसाठी ठेवायची नाही. उरणार हे दुसऱ्या पंगतीलाच दिसते, तेव्हा ते गरम असतानाच वाटावे, घेणाऱ्याने लगेच खावे आणि सहेरीसाठी वेगळे, थोडे, ताजे शिजवावे. यात इसराफ होत नाही. इसराफ टाळण्याची जागा खरेदीच्या यादीत आहे, पहाटेच्या डब्यात नाही.

कायद्यानेही हे काम खासगी मानलेले नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालच्या नियमांत धार्मिक किंवा सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाऱ्याने नोंदणी करणे अपेक्षित आहे. नोंदणीचा कागद कुणाचे पोट वाचवणार नाही, पण जबाबदार माणसाचे नाव त्यावर येते. औंढ्याला महाशिवरात्रीला येणारा भाविक, नर्सीला परतवारीला येणारा वारकरी आणि मोहल्ल्यातल्या दस्तरखानावर बसणारा रोजेदार, तिघेही समोर आलेले ताट न तपासता उचलतात. दिवसभर उपाशी राहिलेला माणूस असा विश्वास टाकतो, तेव्हा ते ताट वाढणाऱ्याकडे ठेवलेली अमानत असते. देग किती वाजता उतरली आणि किती अंशांवर होती, हे त्या वहीत लिहिलेले असले पाहिजे.