उभ्याने वाढलेली नाडी काय सांगते?

उभं राहून काम करायच्या टेबलाच्या बाजूने नाडीचा दाखला हटकून दिला जातो. २०१३ मध्ये बीबीसीचे मायकल मोस्ली आणि चेस्टर विद्यापीठातले संशोधक यांनी एका ऑफिसातल्या दहा जणांना रोज किमान तीन तास उभ्याने काम करायला लावलं. नाडी बसलेल्यापेक्षा मिनिटाला सुमारे १० ठोके जास्त भरली आणि त्यावरून तासाला ५० कॅलरी जास्त जळतात असा हिशेब निघाला. नाडी वाढते हे खरंच आहे, पण तिच्यावरून मांडलेला हा हिशेब मला पटत नाही. २०१८ मध्ये मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अशा अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा फरक निघाला मिनिटाला ०.१५ कॅलरी, म्हणजे तासाला जेमतेम ९.

ही तफावत पडते, कारण उभ्याने नाडी वाढते ती जास्त कामामुळे नव्हे. उठलं की अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांत आणि पोटात उतरतं. हृदयाकडे कमी रक्त परततं, म्हणून प्रत्येक ठोक्याला कमी बाहेर पडतं, आणि ती तूट हृदय ठोके वाढवून भरून काढतं. बसून ७० ठोके आणि दर ठोक्याला ७० मिलिलिटर असं धरलं, तर मिनिटाला ४.९ लिटर रक्त फिरलं. उभ्याने ८० ठोके पण दर ठोक्याला ६० मिलिलिटरच धरले, तर ४.८. ठोके वाढले, पण स्नायूंना जादा काहीच मिळालं नाही. चालताना मात्र पोटऱ्यांचे स्नायू शिरांना दाबून रक्त वर ढकलतात, दर ठोक्यामागचं रक्त वाढतं आणि नाडी चढते ती प्राणवायूच्या मागणीमुळे. म्हणून संथ चालणाऱ्याची नाडी नुसत्या उभ्या माणसाच्या फार पुढे नसली, तरी खर्च कितीतरी जास्त असतो. मनगटावरच्या घड्याळाला केवळ ठोक्यांवरून हा भेद ओळखता येत नाही.

यावर कुणी म्हणेल, कारण काहीही असो, हृदयाला व्यायाम तर होतो. पण व्यायामाने दर ठोक्याला जास्त रक्त फेकायची ताकद येते, आणि उभ्याने तर तेच प्रमाण घटतं. सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या ८३ हजार लोकांची माहिती तपासून २०२४ मध्ये दाखवलं की जास्त उभं राहिल्याने हृदयविकाराचा धोका कमी होत नाही. उलट दिवसाला दोन तासांपलीकडे अपस्फीत शिरांसारखे रक्ताभिसरणाचे विकार वाढतात. मग टेबलाखाली चालता पट्टा ठेवून चालतच काम करावं म्हटलं, तर येणारा दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : पट्ट्यावर टायपिंग आणि माउसचं काम बिघडतं. ते मान्य. म्हणून वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास ठेवून पट्टा फोनवरच्या बैठका आणि वाचनापुरता वापरावा, आकडेमोड बसूनच करावी. ज्यांच्याकडे फक्त उंच टेबल आहे, त्यांनी उभं राहिल्यावर दोन मिनिटांनी नाडी मोजावी आणि वीस मिनिटांनी पुन्हा मोजावी. काम तेच असून ती चढत गेली असेल, तर रक्त पायांत साचतंय. टाचा पंधरा-वीस वेळा उचलाव्यात किंवा सरळ चार पावलं चालून यावं. आणि उठल्यावर दहा मिनिटांच्या आत नाडी ३० ठोक्यांहून जास्त वाढून टिकत असेल, चक्करही येत असेल, तर टेबल बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावं.