हातात किती येणार?

‘पाहिजेत : ऑफिस असिस्टंट. आकर्षक पगार, प्रगतीची भरपूर संधी, घरच्यासारखं वातावरण. अनुभवी तसेच फ्रेशर्स चालतील. फक्त मुली. त्वरित भेटा.’

डोंबिवली एमआयडीसीत पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एक कारखाना आहे. चोवीस माणसं, त्यातली पाच ऑफिसात. त्यांचं पगारपत्रक, पीएफ, ईएसआय मी बघतो. मालकांनी ही जाहिरात पुढे सरकवली आणि म्हणाले, “साहेब, जरा आकर्षक करून द्या. फोन खूप येतात, पण माणूस टिकत नाही.” वर्षभरात त्या खुर्चीवर तिघं येऊन गेले होते आणि त्यातले दोघं पहिला पगार हातात पडल्यावर गेले होते. असा माणूस काम जड वाटलं म्हणून जात नाही. काम त्याला आठवड्याभरात कळलेलं असतं. महिनाअखेरीस कळतो तो पगार.

म्हणून पहिला प्रश्न पगाराचा. मालक मुलाखतीत ‘बावीस हजार’ सांगत होते, आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या खिशातून तेवढे जातातच. पण पगारपत्रक असं होतं : बेसिक १५,००० आणि घरभाडं भत्ता ३,०००, म्हणजे एकूण १८,०००. त्यातून पीएफचे बारा टक्के, बेसिकवर, म्हणजे १,८०० जातात. ईएसआयचे पाऊण टक्का, एकूण पगारावर, म्हणजे १३५. व्यवसाय कर २००. उरले १५,८६५. मुलगी असेल तर आपल्या राज्यात पंचवीस हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, म्हणून तिच्या हातात १६,०६५. दुसऱ्या बाजूला मालक पीएफ, विमा आणि प्रशासकीय खर्च मिळून बेसिकच्या तेरा टक्के, म्हणजे १,९५० भरतात, ईएसआयचे सव्वातीन टक्के म्हणजे ५८५ भरतात, आणि बोनस-ग्रॅच्युइटीची तरतूद करतात. झाले बावीस हजार.

बावीस ऐकून आलेल्या मुलाच्या खात्यात १५,८६५ जमा झाले की त्याला फसल्यासारखंच वाटणार. गंमत अशी, की मधल्या रकमेतला बराच भाग त्याचाच आहे. पीएफचे त्याचे १,८०० आणि मालकांचे १,८०० त्याच्याच नावावर जातात (मालकांच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शनकडे). ईएसआयमुळे त्याच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांचाही इलाज होऊ शकतो. हे कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. तेव्हा जाहिरातीत एकच आकडा टाकायचा असेल तर तो हातात येणारा टाकावा, आणि बाकीचं पुढच्या वाक्यात. बावीसचा आकडा मालकांच्या हिशेबाच्या वहीत शोभतो.

‘पंधरा ते पंचवीस हजार’ असंही मी लिहू दिलं नाही. वाचणारा पंचवीस वाचतो आणि देणारा पंधरा देतो. वरचा आकडा कशासाठी मिळणार हे लिहिता येत असेल तरच दोन आकडे लिहावेत. टॅली आणि जीएसटीचा दोन वर्षांचा अनुभव असेल तर एकूण २०,५००, नसेल तर १८,०००, अशा पद्धतीने.

इथे मालक थांबले. “अहो, आकडा छापला तर आमच्याच माणसांना कळेल ना!”

पगार लपवण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं. शेजारचा गाळेवाला माणसं पळवेल, घासाघीस करायला जागा राहणार नाही, ही कारणं वर वर सांगितली जातात. पण शेजारच्याला भाव टपरीवरच कळलेला असतो. आत मात्र सहा वर्षं इमानेइतबारे डिस्पॅच सांभाळणारा एक गृहस्थ १७,५०० वर बसलेला होता. दरवर्षी पाचशे-पाचशे करत तो तिथे पोहोचला होता, आणि बाजारभाव त्याच्या पुढे निघून गेला होता. नव्या, न शिकवलेल्या माणसाला अठरा हजार, हे त्याने व्हॉट्सॲपवर वाचलं असतं तर पुढची जाहिरात त्याच्या जागेसाठी द्यावी लागली असती. तेव्हा हा अडथळा जाहिरातीच्या भाषेतला नव्हताच. आम्ही आधी त्याचा पगार २०,००० केला. मालकांच्या वाट्याचा पीएफ-ईएसआय धरून महिन्याला पावणेतीन हजारांच्या आतला खर्च. मालकांनी तोंड वाकडं केलं, पण खुर्ची रिकामी असताना रात्री आठपर्यंत बिलं तेच बनवत होते. ई-वे बिलात गाडीचा नंबर चुकला आणि गाडी रस्त्यात अडकली, ती त्यांच्याच हातून. मग फार बोलले नाहीत.

आता काम. ‘ऑफिस असिस्टंट’ या शब्दांत चहा सांगण्यापासून रिटर्न भरण्यापर्यंत काहीही मावतं. मी सोडून जाणाऱ्या मुलीला एक आठवडा दर तासाला काय केलं ते वहीत लिहायला सांगितलं. निम्मा दिवस टॅलीत बिलं, ई-वे बिलं आणि ट्रान्सपोर्टवाल्याशी फोन यात गेला होता. पाव दिवस थकलेल्या पैशांसाठी गिऱ्हाइकांना फोन करण्यात. उरलेल्या वेळात फायली, हजेरी, आलेल्या माणसाला बसवणं. वसुलीचे फोन हे जाहिरातीत कधीच नव्हतं, आणि मुलीला सगळ्यात नकोसं तेच होतं. ज्याला लोकांशी बोलायला संकोच वाटतो त्याने या जागेवर येऊच नये, आणि ते त्याला घरी बसून कळायला हवं. अजून एक : मालकांना वाटत होतं महिनाअखेर धावपळीची. प्रत्यक्षात सीएला आकडे द्यायचे असतात जीएसटीआर-१ साठी, त्याची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख. म्हणजे उशिरापर्यंत थांबावं लागतं ते ५ ते १० या तारखांना. हे सहा दिवस सांगून टाकले की उरलेला महिना वेळेवर निघण्याचा शब्दही देता येतो.

अमेरिकेत जोसेफ वाइट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली विमा एजंटांवर असाच प्रयोग केला होता. काही उमेदवारांना रोजच्या कामाची खरीखुरी, कंटाळवाण्या भागासकट माहिती देणारी पुस्तिका आधी दिली. त्यांच्यात सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण कमी निघालं. आपल्याकडेही हे अगदी नवं नाही. रिक्त जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याच्या १९५९ च्या कायद्याखाली जो तक्ता भरावा लागे, त्यात कामाचं वर्णन, पगार-भत्ते आणि कामाचं ठिकाण हे रकाने होतेच. पंचवीस किंवा जास्त माणसांच्या खासगी आस्थापनांना तो लागू होता. आमच्या चोवीसवाल्यांना नाही, असं मालक हसून म्हणाले. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याने मात्र २०२१ पासून छोट्या मालकांनाही जाहिरातीत पगार लिहिणं सक्तीचं केलं आहे.

ठिकाणाबद्दल आपल्या पट्ट्यात विशेष काळजी घ्यावी लागते. ‘ठाणे’ लिहितात आणि गोदाम भिवंडीला निघतं. ‘डोंबिवली’ म्हणजे स्टेशनजवळ असा समज करून टिटवाळ्याहून आलेला मुलगा पुढे रोज रिक्षाच्या रांगेत उभा राहतो, आणि शेअर रिक्षाचे दोन्ही वेळचे पैसे त्या पंधरा हजारांतूनच जातात. शिवाय आमच्या एमआयडीसीत बऱ्याच कारखान्यांची आठवडी सुट्टी शुक्रवारी असते. बायकोला रविवार आणि नवऱ्याला शुक्रवार, हे ज्या घरात जमत नाही तिथला माणूस फार तर दोन महिने ओढतो. आणि कारखान्यात काय बनतं हेही लिहावं. मे २०१६ आणि मे २०२४ च्या स्फोटांनंतर इथले आई-वडील पहिल्यांदा तेच विचारतात. पुठ्ठ्याचा कारखाना आहे, रसायनांचा नाही, हे एक वाक्य मालकांना सुचलं नव्हतं. खरं तर त्यांच्या जाहिरातीतलं सगळ्यात आकर्षक वाक्य तेच ठरलं असतं. शेजारी काय आहे ते मात्र फोनवर विचारलं तर सांगायचं, असं ठरलं.

‘फक्त मुली’ मी काढलं. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, असं २०१९ ची वेतन संहिता सांगते.

राहिली प्रगती. पाच जणांच्या ऑफिसात बढती कुठून आणणार? हिशेबनीस चाळिशीचे आहेत, ते वीस वर्षं हलणार नाहीत. मी मालकांना विचारलं, या खुर्चीवर आधी बसलेले टिकले ते कुठे गेले? एक मुलगी तीन वर्षांनी कल्याणच्या एका सीएकडे गेली होती, जीएसटी रिटर्न स्वतः भरते. एक मुलगा आता भिवंडीत गोदामाचा सगळा डिस्पॅच बघतो. छोट्या कारखान्यात प्रगती होते ती अशी, बहुतेक वेळा दाराबाहेर. हे लिहायला मालक आधी तयार नव्हते. “म्हणजे आम्हीच सांगायचं, शिका आणि जा?” दोन वर्षं नीट काम करून जाणारा बरा की पहिल्या पगाराला जाणारा, एवढंच मी विचारलं. शेवटी जाहिरात अशी झाली :

‘पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात (रसायनं नाहीत) ऑफिसच्या कामासाठी एक जागा. डोंबिवली एमआयडीसी, पूर्वेच्या स्टेशनपासून शेअर रिक्षा. वेळ ९.३० ते ६, दर महिन्याच्या ५ ते १० तारखेला ७.३० पर्यंत. सुट्टी शुक्रवार. काम : टॅलीत बिलं, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टशी संपर्क, आणि रोज सुमारे दोन तास वसुलीचे फोन. एकूण पगार १८,०००. पीएफ, ईएसआय आणि व्यवसाय कर कापून हातात सुमारे १५,८५० (महिलांना सुमारे १६,०५०). पीएफमध्ये कंपनीचा हिस्सा वेगळा, दिवाळीला बोनस. सहा महिन्यांनी १,००० वाढ, नंतर दर एप्रिलला. बढतीची जागा सध्या नाही. दोन वर्षांत जीएसटी रिटर्नपर्यंतचं काम शिकता येईल. बारावी किंवा पुढे, टॅलीची ओळख असावी. नेमणूकपत्र पहिल्या दिवशी. कोणतीही फी नाही.’

शेवटचं वाक्य हल्ली लागतं. रजिस्ट्रेशनच्या नावाने पाचशे-हजार उकळणारे इतके झालेत, की त्याच कारणासाठी खाली कारखान्याचं पूर्ण नाव, प्लॉट नंबर आणि मालकांचा फोनही टाकला.

फोन निम्म्याहून कमी आले. मालक दोन दिवस माझ्यावर नाराज होते. पण आलेल्यांपैकी कुणी ‘पगार किती?’ विचारलं नाही. बहुतेकांनी विचारलं ते वसुलीच्या फोनबद्दल : हिंदीत बोलावं लागेल का, गिऱ्हाईक शिव्या देतं का. एकाने सहा महिन्यांची वाढ नेमणूकपत्रात लिहून मिळेल का, असं विचारलं. मालकांनी माझ्याकडे बघितलं. जाहिरातीत छापलं आहे ते पत्रात नको म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. पत्रात ते कलम मी त्याच संध्याकाळी घातलं, आणि डिस्पॅचवाल्या गृहस्थांनीही आपल्या पत्राची मागणी केली. सहा वर्षांत त्यांना ते कुणी दिलंच नव्हतं.