आवाजाच्या दिवसांत मांजराचा आडोसा

गेल्या वर्षी दिवाळीला महिनाभर अवकाश असताना चिंचवड येथील आमच्या इमारतीशेजारच्या मोकळ्या भूखंडावर तळघराचे खोदकाम सुरू झाले. आपल्या या भागात वरची माती आणि मुरूम निघाला की खाली काळा पाषाण लागतो आणि तो ब्रेकर लावल्यावाचून फुटत नाही. सकाळी नऊ वाजता पहिला ठोका पडला, खिडकीच्या काचा थरथरल्या आणि आमची मनी नाहीशी झाली. दुपारी ती सापडली सासूबाईंच्या खोलीतील कपाटाच्या तळकप्प्यात, गोधड्यांच्या मागे. अंग आक्रसलेले, कान मागे चपटे झालेले, बुबुळे काळीभोर विस्फारलेली.

मी तिला मायेने बाहेर ओढले. तिने माझा हात ओरबाडला आणि पुन्हा पळाली. दुसऱ्या दिवशी ती कपाटात गेली नाही. सामान ठेवण्याच्या बॉक्सच्या पलंगात, फळी उघडी होती तेवढ्यात शिरली. ती आत असताना कोणी फळी दाबून बंद केली असती तर काय झाले असते, या विचाराने आजही अंगावर काटा येतो. सांगायचे ते हेच, की लपलेल्या मांजराला बाहेर काढले म्हणजे त्याची भीती जात नाही. ती जागा सुरक्षित नाही एवढेच ते शिकते आणि पुढच्या वेळी अधिक अवघड, अधिक धोक्याची जागा शोधते.

माणसाला सेकंदाला सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. मांजराचा कान साठ हजारांच्याही पलीकडे जातो. जो आवाज आपल्याला केवळ त्रासदायक वाटतो, त्याने मांजराला पळून दडावेसे वाटते आणि दडायला जागा मिळाली नाही तर त्याचा ताण उतरत नाही. नेदरलँड्समधील युट्रेक्ट विद्यापीठाच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये निवारागृहात नव्याने आलेल्या 19 मांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. काहींना लपण्यासाठी खोके दिले होते, काहींना नव्हते. खोके मिळालेली मांजरे तिसऱ्या-चौथ्या दिवशीच बरीच निवांत झाली. उरलेल्यांना तेथवर यायला दोन आठवडे लागले. औषध नाही, यंत्र नाही. फरक केवळ एका खोक्याचा.

व्यापाऱ्याच्या घरी खोक्यांना तोटा कसला! मात्र दुकानातील हाती लागेल ते खोके चालत नाही. मिरची-मसाल्याचे, फिनाइलचे किंवा कीटकनाशकाचे खोके मुळीच घेऊ नये. मांजराचे नाक तो वास महिनोन्महिने विसरत नाही. पिना काढाव्यात, प्लास्टिकच्या पट्ट्या आणि सुतळी तर कटाक्षाने काढावी, कारण दोरा गिळला गेला तर आतड्यात अडकून मांजराच्या जिवावर बेतते. आकार असा असावा की मांजराला आत वळता येईल, पण अंगाला भिंतींचा आधारही लागेल. आमच्या मनीला साधारण दीड फूट लांब आणि सव्वा फूट रुंद-उंच खोके पुरले. तोंड वर नको, बाजूला असावे. विती-दीड वितीचे पुरते. घरात दोन मांजरे असतील तर दुसऱ्या बाजूलाही एक भोक पाडावे, म्हणजे एकाने वाट अडवली तरी दुसरे कोंडले जात नाही. आत घरातील माणसाने वापरलेली, न धुतलेली सुती साडी किंवा चादर अंथरावी.

खोके सिद्ध झाले, तरी माझी दुसरी चूक व्हायची होतीच. ते मी गॅलरीलगतच्या खोलीत ठेवले, कारण तेथे जागा होती. मनीने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. ती खोली खोदकामाच्या बाजूचीच होती. मग ध्यानात आले, की जागा आपण ठरवायची नसते. पहिल्या घाबरगुंडीत मांजर जिकडे धावले, तेथेच त्याने ती ठरवलेली असते. सासूबाईंनी आपणहून तळकप्पा रिकामा करून दिला. त्यातल्या डांबराच्या गोळ्या आधी दूर केल्या, कारण त्या मांजराला विषारी असतात. खाली गोधडीची जाड घडी घातली, म्हणजे फरशीतून येणारा हादरा थोडा कमी होईल, आणि त्यावर खोके. दार कायमचे अर्धे उघडे राहावे म्हणून अडसर लावला. पाणी आणि मातीचा ट्रे त्याच खोलीत, पण एकमेकांपासून दूर ठेवला.

शांत वेळी, म्हणजे सकाळी ब्रेकर सुरू होण्यापूर्वी आणि रात्री, तिचे खाणे खोक्याच्या तोंडाशी ठेवू लागलो, मग हळूहळू आत. पाचव्या दिवशी काहीही आवाज नसताना ती त्यात झोपलेली दिसली. आडोसा मान्य झाल्याची खूण हीच. भीतीच्या क्षणी नवी जागा कोणतेही मांजर स्वीकारत नाही, म्हणून ही तयारी दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी व्हावी लागते. मुलांना एकच नियम घालून दिला: मनी खोक्यात असेल तेव्हा हात घालायचा नाही, डोकावायचे नाही, खोके उचलायचे नाही.

मी वेळा टिपून ठेवल्या होत्या. पहिल्या आठवड्यात काम थांबल्यावरही ती तीन-चार तास बाहेर येत नसे. तिसऱ्या आठवड्यात मजूर दुपारी जेवायला बसले की अर्ध्या तासात तीही येऊन खाऊन जाई. ठोके तेवढेच होते आणि ठोका पडला की ती आजही पळते. बदलला तो सावरायला लागणारा वेळ.

दिवाळी भगवान महावीरांच्या निर्वाणाचा दिवस म्हणून आपल्या पुष्कळ घरांत फटाके न उडवण्याचा नियम असतो, पण आवाज शेजारचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये दिवाळीला रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. प्रत्यक्षात काय होते ते आपण ऐकतोच. त्या दिवशी सायंकाळी पाचलाच खाणे द्यावे, गॅलरीची दारे-खिडक्या लावून घ्याव्यात, कारण उंच इमारतींतून घाबरलेली मांजरे खाली पडतात. पडदे ओढावेत आणि पंख्याचा सलग आवाज राहू द्यावा. मोठ्याने दूरदर्शन संच लावणे म्हणजे एका गोंगाटावर दुसरा. मांजर आपणहून जवळ आले तर अवश्य कुरवाळावे. त्याने भीती वाढते हा गैरसमज आहे.

आडोशालाही मर्यादा आहेत. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, दिवसभर अन्नाला शिवले नाही, किंवा बोका ट्रेमध्ये वारंवार बसूनही लघवी होत नसेल, तर पशुवैद्यांकडे जावे. लघवी अडणे हे तर त्याच रात्री जाण्याचे कारण आहे. फार भित्र्या मांजरासाठी ते दिवाळीआधी शामक औषध देऊ शकतात. घरातील माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

तळघर खोदून झाले, तरी कप्पा मनीचाच राहिला. मे महिन्यात वळवाचा गडगडाट झाला तेव्हा ती सरळ तेथेच गेली. पावसाळ्यात पुठ्ठा सादळून खोके बसले. नवे आणले, पण जुने लगेच फेकले नाही. आठ दिवस दोन्ही शेजारी ठेवली आणि जुनी चादर न धुता नव्यात घातली. परवा ती नव्यात झोपलेली पाहिली, तेव्हा जुने रद्दीत दिले.